'पॅकिंग' खराब आलंय, पण कोणतं?

डीलरची मेल दोनच ओळींची होती. "पाच पंप मिळाले. त्यातल्या दोनचं पॅकिंग खराब आलंय, नवीन पाठवा."

मी तेव्हा पंप विकणाऱ्या एका कंपनीत नवीनच लागले होते. पंप आणि त्यांचे सुटे भाग बाहेरच्या उत्पादकाकडून यायचे आणि त्यांच्याशी सगळा पत्रव्यवहार इंग्रजीत चालायचा. इकडे डीलर, मिस्त्री आणि गिऱ्हाइकं मात्र मराठीत लिहायची. त्यांच्या मेलचं इंग्रजी करणं, उत्पादकाच्या कॅटलॉगचं मराठी करणं आणि आलेल्या तक्रारींना उत्तरं देणं, हे सगळं माझ्याकडे होतं. ती मेल वाचून मी गृहीत धरलं की वाटेत खोकी फाटली असणार. उत्पादकाला तसंच कळवलं, आणि इंग्रजीतही शब्द तोच वापरला: 'पॅकिंग'.

त्यांनी खोक्यांचे फोटो मागितले. मी डीलरकडे मागितले. त्याने बिचाऱ्याने पाचही खोक्यांचे फोटो काढून पाठवले. खोकी अगदी धडधाकट होती. मग उत्पादकाकडच्या कोणीतरी डोकं लढवलं आणि पुढच्या पार्सलमध्ये चौकोनी विणीच्या काळपट दोरीची दोन वेटोळी आली. पाणी अडवायला पंपाच्या फिरत्या दांड्याभोवती, म्हणजे शाफ्टभोवती, ग्लँडमध्ये भरतात ती दोरी. इंग्रजीत तिलाही 'पॅकिंग' म्हणतात, त्यामुळे त्यांचं काही चुकलं नव्हतं. फक्त ज्या पंपांची तक्रार होती, त्यांना ग्लँडच नव्हतं. दोरीऐवजी मेकॅनिकल सील असलेले पंप होते ते.

डीलरचा फोन आला. "अहो मॅडम, ही दोरी कशाला पाठवलीत? मला पॅकिंग पाहिजे, पॅकिंग! बॉडी उघडल्यावर मधे कागद असतो ना, तो. फाटलेला आलाय."

म्हणजे गॅस्केट. सोळा दिवस गेले होते, आणि या सोळा दिवसांत 'पॅकिंग' हा शब्द प्रत्येकाने आपापल्या जागी अगदी बरोबर वापरला होता.

त्याच आठवड्यात मी शब्दसंग्रह करायला घेतला. पहिला प्रयत्न साफ फसला, आणि तो कसा फसला ते सांगते, कारण बहुतेक जण सुरुवात तशीच करतात. मी उत्पादकाचा इंग्रजी कॅटलॉग उघडला, त्यातले शब्द एका रकान्यात अकारविल्हे उतरवले आणि शेजारच्या रकान्यात मराठी शब्द लिहीत गेले. काही परिभाषा कोशातून घेतले, काही जुन्या मराठी कॅटलॉगमधून, काही मनाने. तीनेक आठवड्यांत सातशेच्या वर ओळी झाल्या. दिसायला भरगच्च. पण त्यात 'पॅकिंग'च्या समोर लिहिलं होतं 'पॅकिंग'. ते बरोबरच होतं, आणि म्हणूनच निरुपयोगी होतं. ती यादी माझ्याजवळ आधी असती, तरी ती पहिली मेल मी तशीच पाठवली असती.

शिवाय सातशे ओळींत 'सूचना', 'वितरण', 'हमी' असले शब्दही भरले होते. त्यांत कोणाचा कधी गोंधळ होत नव्हता. आणि यादी एवढी लांब झाली की ती उघडून बघायचा मला स्वतःलाच कंटाळा यायला लागला. जी यादी लिहिणारीच उघडत नाही, ती दुसरं कोण उघडणार?

गाडी रुळावर आणली ती आमच्या सर्व्हिस विभागातल्या मिस्त्रीकाकांनी. मी त्यांच्याकडे 'सील' आणि 'गॅस्केट' यांतला फरक विचारायला गेले होते. त्यांनी तोंडी काही सांगितलंच नाही. टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, एक जुना पंप उघडला आणि एकेक भाग काढून ओळीने मांडत गेले. "शब्द नंतर. आधी वस्तू बघ," म्हणाले. मी प्रत्येक भागाजवळ क्रमांकाची चिठ्ठी ठेवली आणि एकेका वस्तूबद्दल चार प्रश्न विचारले. तुम्ही याला काय म्हणता? डीलर काय म्हणतात? आपल्या मराठी कॅटलॉगमध्ये काय छापलंय? उत्पादकाच्या इंग्रजी पार्ट लिस्टमध्ये काय आहे?

दोन तासांत एकूण सव्वीस वस्तूंवर चिठ्ठ्या लागल्या. 'पॅकिंग' हा शब्द तीन वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर आला: गॅस्केट, ग्लँडमधली दोरी आणि एका ठिकाणी चक्क रबराची ओ-रिंग. खोकं धरलं तर चार. उलट बाजूलाही मजा होती. पाणी मागे फिरू न देणारा एकच व्हॉल्व्ह उत्पादकाच्या पार्ट लिस्टमध्ये 'चेक व्हॉल्व्ह' होता आणि त्यांच्याच वापरपुस्तिकेत 'नॉन रिटर्न व्हॉल्व्ह'. आमच्या जुन्या कॅटलॉगच्या अनुवादकाने त्यामुळे त्याची दोन वेगळी मराठी नावं केली होती. एका डीलरने मग दोन्ही मागवले होते, पंपाला दोन व्हॉल्व्ह लागतात असं समजून.

त्या दिवशी यादीची रचना उलटी केली. ओळ शब्दाची नाही, वस्तूची. प्रत्येक वस्तूला एक क्रमांक, आणि त्या क्रमांकाखाली तिची इंग्रजीतली, मराठीतली, लोकांच्या तोंडची सगळी नावं. पुढे एका अनुवादकाकडून कळलं की पारिभाषिक शब्दसंग्रहाच्या देवाणघेवाणीसाठी TBX नावाचं एक आंतरराष्ट्रीय मानक आहे, ISO 30042, आणि त्याचीही मांडणी अशीच आहे: आधी संकल्पना, मग तिच्याखाली प्रत्येक भाषेतले शब्द. मला ते माहीत असतं तर माझे तीन आठवडे वाचले असते, पण मिस्त्रीकाकांचं वर्तमानपत्र हुकलं असतं.

आमची एक नोंद अशी दिसते:

```
क्रमांक      : P-014
इंग्रजी      : gasket
मराठी        : गॅस्केट (न.)
कुठे, कशाला  : बॉडी आणि मागचं झाकण यांच्यामधे
               दाबून बसतं; दोन्ही भाग स्थिर
लोक म्हणतात  : पॅकिंग, वॉशर, कागद
लिहायचं नाही : पॅकिंग, सील
```

यातली 'कुठे, कशाला' ही ओळ मी सुरुवातीला भरायला टाळाटाळ करत होते. व्याख्या लिहिणं अवघड वाटायचं. मिस्त्रीकाकांनी युक्ती सांगितली: वस्तू कशाची केलेली आहे ते लिहू नकोस, ती कुठे बसते आणि काय अडवते ते लिही. गॅस्केट दोन न हलणाऱ्या भागांमधून पाणी बाहेर येऊ देत नाही. ओ-रिंगचं कामही बरेचदा तेच, पण ती खाचेत बसते. मेकॅनिकल सील फिरत्या शाफ्टपाशी असतं. त्याचा एक गुळगुळीत चेहरा शाफ्टबरोबर फिरतो, दुसऱ्या स्थिर चेहऱ्यावर घासतो आणि पाणी अडवतो. ऑइल सील बेअरिंगकडचं तेल किंवा ग्रीस बाहेर जाऊ देत नाही. ग्लँडमधली दोरीही शाफ्टभोवतीच असते, पण तिची गोष्ट वेगळी आहे.

ती वेगळी आहे म्हणूनच तिच्यावरून आमचं सर्वांत मोठं नुकसान झालं होतं. जुन्या मराठी कॅटलॉगमध्ये मेकॅनिकल सील आणि ग्लँड पॅकिंग या दोन्हींना नुसतं 'सील' म्हटलेलं होतं. आणि देखभालीच्या सूचनांची एक मेल दरवर्षी सगळ्या डीलरना जायची, तिच्यात वाक्य होतं: 'सीलमधून पाणी गळता कामा नये.' मेकॅनिकल सीलसाठी हे ठीक आहे. पण ग्लँड पॅकिंगमधून पंप चालू असताना थेंब थेंब पाणी पडलंच पाहिजे. त्या पाण्यानेच दोरी ओली आणि गार राहते. मेल वाचून लोकांनी काय केलं? ग्लँडचे नट आवळले. थेंब थांबेपर्यंत आवळले. दोरी कोरडी पडली, तापली, करपली आणि शाफ्टवरच्या स्लीव्हला चरे पडले. तक्रारी आल्या तेव्हा आम्ही उत्तरात परत 'सील बदला' असं लिहिलं. लोकांनी नवी दोरी भरली आणि परत तशीच आवळली.

जुन्या तक्रारींची फाईल चाळताना हे माझ्या लक्षात आलं. मेलचं वाक्य ज्याने लिहिलं त्याच्या डोक्यात मेकॅनिकल सील होतं, वाचणाऱ्यासमोर ग्लँड होतं. व्याकरण चोख, अनुवाद चोख. एक शब्द दोन वस्तूंना वाटून दिला होता, एवढंच.

त्यानंतर 'सील' आणि 'पॅकिंग' हे दोन शब्द एकटे लिहायचे नाहीत असा नियम केला. 'मेकॅनिकल सील', 'ऑइल सील', 'ग्लँड पॅकिंग' असं पूर्ण नाव लिहायचं, वाक्य लांबलं तरी चालेल. बाहेरच्या वेष्टनाला 'खोकं'. इंग्रजी मेलमध्येही खोक्यासाठी 'पॅकिंग' न लिहिता 'कार्टन' लिहायचं. हा नियम दोन्ही भाषांत पाळावा लागतो हे विसरून चालत नाही, कारण पहिला घोळ मराठीतून इंग्रजीत जातानाच झाला होता.

आता इंग्रजीचाच एक शब्द, ज्याने माझा घाम काढला: 'डिस्चार्ज'. उत्पादकाच्या तक्त्यात एका रकान्याचं शीर्षक 'डिस्चार्ज' आणि खाली आकडे लिटर प्रति मिनिटात. म्हणजे पंप किती पाणी देतो ते. दोन पानं पुढे मापांच्या आकृतीत परत 'डिस्चार्ज', आणि तिथे आकडा ५० मिलिमीटर. म्हणजे पाणी जिथून बाहेर पडतं त्या तोंडाचा व्यास. जुन्या अनुवादात दोन्हीकडे 'विसर्ग' होतं. 'विसर्ग ५० मिमी' वाचून एका डीलरने विचारलं होतं की हा आकडा कमी आहे की जास्त. त्याला काय उत्तर दिलं गेलं ते फाईलमध्ये सापडलं नाही, आणि ते बरंच झालं.

वस्तूनिहाय यादीत याच्या दोन ओळी झाल्या. पहिली ओळ प्रवाहाची: मराठीत 'प्रवाह', एकक कायम सोबत. दुसरी ओळ तोंडाची. इथे मी हौसेने 'निर्गम तोंड' असा शब्द ठरवला आणि त्याच्याबद्दल पुढे पश्चात्तापही केला, ते येईलच. एकच इंग्रजी शब्द दोन ओळींत आला की अनुवाद करणाऱ्याला कोणती ओळ घ्यायची ते कसं कळणार? 'कुठे, कशाला' हा रकाना इथे दुसऱ्यांदा उपयोगी पडला. पहिल्या ओळीत लिहिलं: 'आकडा लिटरमध्ये किंवा घनमीटरमध्ये असेल तर ही नोंद.' दुसरीत: 'आकडा मिलिमीटरमध्ये किंवा इंचात असेल, किंवा पाईप जोडण्याबद्दल वाक्य असेल तर ही नोंद.'

असे जुळे शब्द शोधायला डोळ्यांवर भरवसा ठेवू नये. स्प्रेडशीटमध्ये एक मोकळा रकाना घेऊन मी हे सूत्र टाकलं; B मध्ये इंग्रजी शब्द आहेत:

```
=COUNTIF($B$2:$B$400,B2)
```

उत्तर १ पेक्षा जास्त आलं की तो शब्द एकाहून अधिक वस्तूंना लागतोय. मग हेच मराठी शब्दांच्या रकान्यावर चालवलं. इंग्रजी रकान्यात आकडा २ आला तर फक्त टीप लागते, कारण इंग्रजी आपल्या हातात नाही. मराठी रकान्यात २ आला तर मात्र तो आपलाच दोष. तिथे दोनपैकी एका वस्तूचं नाव बदलायलाच हवं. आमच्याकडे 'पंखा' असाच सापडला. पंपात पाणी फेकणाऱ्या इम्पेलरलाही पंखा आणि मोटर गार ठेवणाऱ्या पात्यांनाही पंखा. पहिल्याला 'इम्पेलर' केलं, दुसऱ्याला 'मोटरचा पंखा'.

इथपर्यंत यादी इंग्रजीतल्या कुठल्याही मार्गदर्शकात सापडेल तशी होती. मराठीमुळे तिच्यात दोन गोष्टी वाढवाव्या लागल्या.

एक म्हणजे लिंग. कॅटलॉगमध्ये 'नवीन सील बसवावे', मेलमध्ये 'सील खराब झाली', उत्तरात 'तुमचा सील पाठवला आहे'. तीन जणांनी लिहिलेली तीन वाक्यं, तिन्ही एकाच गिऱ्हाइकाच्या हातात. अर्थ कळतोच, पण वाचणाऱ्याला शंका येते की ही तीन वेगळ्या कंपन्यांची माणसं आहेत की काय. बाहेरून आलेल्या शब्दांचं लिंग कोशात बघून सुटत नाही, कारण घराघरात ते वेगळं असतं. मिस्त्रीकाका 'ती गॅस्केट' म्हणतात, मी 'ते गॅस्केट'. आम्ही वाद न घालता पाच डीलरना फोन करून विचारलं, 'फाटलेल्या गॅस्केटबद्दल सांगा बरं.' तिघांनी 'ते पॅकिंग' असं सुरू केलं, म्हणजे मूळ शब्दच बदलला, पण नपुंसकलिंग मिळालं! तेच ठेवलं. व्हॉल्व्ह आणि इम्पेलर पुल्लिंगी, सील, बेअरिंग, कपलिंग नपुंसकलिंगी. रकान्यात एक अक्षर, पण तक्त्यातलं प्रत्येक विशेषण आणि क्रियापद त्यावर बसतं.

दुसरी गोष्ट सामान्यरूपाची. इंग्रजी शब्द वाक्यात बहुधा आहे तसाच राहतो, मराठी राहत नाही. 'पंखा' शोधलं तर 'पंख्याला', 'पंख्याचे', 'पंखे' सापडत नाहीत. अनुवादाच्या सॉफ्टवेअरला यादी जोडली की ते शब्द ओळखून बाजूला दाखवतं, पण 'मोटरच्या पंख्याजवळ' असं आलं की बरेचदा गप्प बसतं. म्हणून ज्या शब्दांचं रूप बदलतं, त्यांच्या नोंदीत शोधण्यासाठी मूळ धड वेगळं लिहून ठेवलं: 'पंख'. त्यामुळे नको ते चार शब्दही सापडतात, पण हुकण्यापेक्षा ते परवडतं. खरं सांगायचं तर हे लफडं बघून काही ठिकाणी मी मराठी शब्दाऐवजी रुळलेला परका शब्द मुद्दाम निवडला. 'इम्पेलर'ला नुसता प्रत्यय लागतो, धड हलत नाही.

आणि मग आली माझी सगळ्यात जास्त वेळ खाणारी भानगड. कॅटलॉगच्या मसुद्यात 'ग्लँड पॅकिंग' किती वेळा आलंय ते शोधलं, तर अकरा. मला आठवत होतं की निदान वीस ठिकाणी असायला हवं. डोळ्यांनी पानं चाळली तर उरलेली सगळी समोर दिसत होती, तरी शोधात येत नव्हती. अर्धा दिवस कॉम्प्युटरला दोष देण्यात गेला. शेवटी एकेक अक्षर पुसत गेले तेव्हा कळलं. काही ठिकाणी 'ग्लँड' चंद्रबिंदू वापरून टाइप केलेलं होतं, काही ठिकाणी 'ग्लॅंड', म्हणजे आधी ॲचा चंद्र आणि मग त्यावर अनुस्वार. कागदावर दोन्ही एकच दिसतात. संगणकाच्या लेखी पहिल्यात एक चिन्ह आहे, दुसऱ्यात दोन, आणि शोधताना तो चिन्हं जुळवतो, दिसणं नाही.

असंच 'ॲडॅप्टर'चं. 'ॲ' हे एक स्वतंत्र अक्षर म्हणून टाइप करता येतं, U+0972, आणि 'अ'वर चंद्र देऊनही. आणि 'दुसऱ्या', 'गिऱ्हाईक' यांतला 'ऱ्' नुक्ता असलेल्या र पासून करता येतो, U+0931, किंवा साध्या र ला हलन्त देऊन पुढे एक अदृश्य जोडचिन्ह टाकून. प्रत्येकाचा कीबोर्ड आपापल्या पद्धतीने करतो आणि कोणालाच ते दिसत नाही. आता यादीत वर एक छोटी नोंद आहे की यांतलं कोणतं रूप आपलं, आणि कोणताही मसुदा हाती आला की आधी ही तीन शोध-बदल फिरवायची, मगच शब्द तपासायचे. तपासणीचा हा क्रम उलटा झाला तर 'सगळं ठीक' असा खोटा निकाल मिळतो, जो निकाल न मिळण्यापेक्षा वाईट.

शब्द तपासणं त्यानंतर सोपं आहे. 'लिहायचं नाही' हा रकाना घ्यायचा आणि त्यातला एकेक शब्द मसुद्यात शोधायचा. एकटं 'पॅकिंग' शोधायला, 'ग्लँड पॅकिंग' वगळून, हे वापरते. सगळ्या एडिटरमध्ये हे चालत नाही, पण रेग्युलर एक्स्प्रेशनची सोय असलेल्या बऱ्याच ठिकाणी चालतं:

```
(?<!ग्लँड )पॅकिंग
```

पहिल्यांदा चालवलं तेव्हा छत्तीस पानांच्या कॅटलॉगमध्ये नऊ सापडली. त्यातली चार खोक्याबद्दल, तीन गॅस्केटबद्दल, आणि दोन अशी की लिहिणारीलाच, म्हणजे मलाच, सांगता येईना नेमकं काय म्हणायचं होतं.

बाहेर जाणाऱ्या मजकुरासाठी 'लिहायचं नाही' हा रकाना जसा, तसा आत येणाऱ्या मजकुरासाठी 'लोक म्हणतात' हा. हे दोन रकाने वेगळे हवेत हे मला फार उशिरा समजलं. सुरुवातीला मी लोकांचे शब्द 'चुकीचे' म्हणून एकाच ठिकाणी टाकत होते. पण डीलर काही आपला शब्दसंग्रह पाठ करून लिहिणार नाही, आणि त्याने का करावा? त्याने 'पॅकिंग' लिहिलं की यादीत तो शब्द शोधायचा, चार ओळी निघाल्या तर उत्तर देण्याआधी विचारायचं. त्यासाठी एक तयार वाक्य नोंदीतच ठेवलं आहे: 'पॅकिंग म्हणजे बॉडी उघडल्यावर मधे असतं ते गॅस्केट, खाचेतली ओ-रिंग, शाफ्टभोवतीची ग्लँड पॅकिंगची दोरी, की बाहेरचं खोकं?' यात दोन्ही कामं होतात. त्याला आपला शब्द कळतो आणि आपल्याला त्याची वस्तू. 'तुम्ही चुकीचा शब्द वापरलात' असं कुठेही ध्वनित होत नाही.

ठरवलेले शब्द बदलावे लागतात, त्याचा धडा 'निर्गम तोंडा'ने दिला. नवा कॅटलॉग छापून गेला. महिन्याभरात लक्षात आलं की डीलर फोनवर तो शब्द वाचताना अडखळतात आणि मग 'म्हणजे डिलिव्हरी ना?' असं विचारतात. एकाही माणसाने आपणहून 'निर्गम तोंड' म्हटलं नाही. शब्द शुद्ध होता, सुंदरही होता, पण ज्याला पाईप जोडायचा आहे त्याच्या तोंडी तो नव्हता. मी बदलायला निघाले तर छापील कॅटलॉगच्या गठ्ठ्यांकडे बघून पोटात गोळा आला. मेलमध्ये 'डिलिव्हरी' आणि कॅटलॉगमध्ये 'निर्गम तोंड' हा तर पुन्हा तोच घोळ, आणि या वेळी मी स्वतः केलेला.

तोडगा असा काढला. नोंदीत 'डिलिव्हरी' मुख्य शब्द झाला, तारीख आणि कारण एका ओळीत लिहिलं, आणि जुना शब्द पुसून न टाकता त्यापुढे लिहिलं, 'या आवृत्तीच्या छापील कॅटलॉगमध्ये हा शब्द आहे.' पुढची आवृत्ती निघेपर्यंत मेलमध्ये पहिल्यांदा उल्लेख आला की 'डिलिव्हरी, कॅटलॉगमधलं निर्गम तोंड' असं दोन्ही लिहायचं, नंतर नुसतं 'डिलिव्हरी'. जुनी नोंद खोडली असती तर सहा महिन्यांनी रुजू झालेल्या मुलीला कॅटलॉगमधला शब्द यादीत सापडलाच नसता. तेव्हापासून ओळ कधीच खोडायची नाही, शब्दाचा दर्जा फक्त बदलायचा. आणि नवा शब्द ठरवताना छापण्याआधी तो तीन डीलरना फोनवर सहज बोलता बोलता वापरून बघायचा. समोरून 'म्हणजे?' आलं की तो शब्द बाद.

बदल करायचा अधिकार एकाच माणसाकडे ठेवला आहे. सुरुवातीला फाईल सगळ्यांना खुली होती. एका सोमवारी बघितलं तर 'कपलिंग'च्या जागी कोणीतरी 'जोडणी' केलं होतं आणि 'कनेक्शन'लाही 'जोडणी'च होतं. आता कोणीही सुचवू शकतं, त्यासाठी शेवटी एक मोकळा रकाना आहे, पण मुख्य रकान्याला कुलूप आहे. दर शुक्रवारी अर्धा तास बसून सुचवण्या निकालात काढते. बहुतेक शुक्रवारी दोन-तीनच असतात.

फाईल बाहेरच्या अनुवादकाला पाठवताना एकदा फजिती झाली तीही सांगून टाकते. CSV करून पाठवली. त्याने दोनदा क्लिक करून स्प्रेडशीटमध्ये उघडली तर सगळ्या मराठी रकान्यात `à¤—` असली चित्रं. फाईल UTF-8 मध्ये होती आणि प्रोग्रामने ती दुसऱ्याच सांकेतिक पद्धतीने वाचली होती. मजकूर बिघडलेला नव्हता, पण त्याने तीच फाईल तशीच सेव्ह करून परत पाठवली असती तर बिघडला असता. आता `CSV UTF-8` असा पर्याय निवडूनच सेव्ह करते. त्याच वेळी आणखी एक गोष्ट दिसली: आमचे जुने क्रमांक 3-12 असे होते, त्यांच्या परस्पर तारखा झाल्या होत्या. क्रमांकाआधी P लावायला सुरुवात केली ती तेव्हापासून.

आज यादीत एकशे अडतीस ओळी आहेत. सातशेवरून इतक्यावर आल्या आणि कमी पडत नाहीत. नवी ओळ घालायची की नाही, ते एका प्रश्नावर ठरवते: या शब्दावरून कधी चुकीची वस्तू गेली आहे का, किंवा जाऊ शकते का? 'हमी'वरून जाऊ शकत नाही. 'केसिंग'वरून जाणारच होती. 'केसिंग' म्हणून पंपाची बॉडी मागितली आणि बोअरच्या केसिंग पाईपची चौकशी सुरू झाली. म्हणून पंपाच्या भागाला आम्ही 'बॉडी'च म्हणतो.

एक ओळ अजून अर्धवट आहे, P-131, 'जाळी'. फूट व्हॉल्व्हच्या खालची जाळी, सक्शनच्या पाईपमधल्या फिल्टरची जाळी आणि मोटरच्या पंख्यावरचं जाळीचं झाकण, तिन्हींना लोक जाळीच म्हणतात. पहिल्या दोघींचं काम एकच आहे, कचरा अडवणं, त्यामुळे मिस्त्रीकाका म्हणतात एकच नाव पुरे. मला वाटतं नको, कारण त्यांचे भाग क्रमांक वेगळे आहेत. या शुक्रवारी दोन्ही जाळ्या टेबलावर आणून ठेवायला सांगितल्या आहेत.